बिलावर सरसकट दोन टक्के सूट छापण्याआधी पाच खातेउतारे बघा

*प्रश्न: शिरोली एमआयडीसीत माझं मशीनिंगचं युनिट आहे. कास्टिंग विकत घेऊन, मशीन करून पार्ट पुरवतो. जीएसटी सोडून महिन्याला वीस लाखांचं बिलिंग, पार्ट्या पाचच. बिलावर ४५ दिवस छापलेलं असतं, पैसे सत्तर-नव्वद दिवसांनी येतात. ओडी कायम टोकाला. मित्र म्हणतो, "१० दिवसांत पैसे दिल्यास २ टक्के सूट, उशीर झाल्यास महिना २ टक्के व्याज" असं बिलावर छापून टाक. छापू का? पार्टी तुटणार नाही ना? उद्यम नोंदणी मायक्रोमध्ये आहे.*

तसं छापू नका. सूटही द्यायची आहे आणि व्याजही लावायचं आहे, पण दोन्ही पाचही पार्ट्यांना एकाच मापानं नाही. आणि बिलावर काहीही छापण्याआधी एक संध्याकाळ टॅलीसमोर बसायचं आहे.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, हात भाजून सांगतोय. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका क्लायंटच्या सगळ्या बिलांवर मी अशीच दोन टक्क्यांची ओळ छापायला लावली होती. वर्षअखेरीला हिशेब काढला तर सूट घेणाऱ्यांत निम्मे असे होते, जे तसेही महिन्याभरात पैसे देत होते. त्यांनी आठ-दहा दिवस अलीकडे दिले आणि दोन टक्के खिशात घातले. उरलेल्यांपैकी एका कंपनीचा पेमेंट ॲडव्हाइस मला अजून आठवतो: बिलाच्या अठ्ठावन्नाव्या दिवशी पैसे, आणि खाली "सीडी २%" म्हणून कापलेली रक्कम. विचारलं तर अकाउंट्सवाला शांतपणे म्हणाला, "तुमच्याच बिलावर लिहिलंय की दोन टक्के." दहा दिवसांची अट त्याच्या सिस्टीममध्ये चढलीच नव्हती, टक्का तेवढा चढला होता. ते पैसे शेवटपर्यंत परत आले नाहीत.

तेव्हा पहिलं काम म्हणजे प्रत्येक पार्टीची खरी तारीख काढणं. बिलावरची तारीख नव्हे, पैसे बँकेत पडतात ती. टॅलीत पार्टीचं खातं बिल-बाय-बिल चालू असेल आणि पैसे जमा करताना कुठल्या बिलापोटी आले ते तुम्ही नीट लावत असाल, तर गेल्या बारा महिन्यांतल्या प्रत्येक बिलाला किती दिवस लागले ते निघतं. पैसे नुसते "ऑन अकाउंट" टाकले असतील तर आधी ते जुळवा. त्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होईल.

तुम्ही पाठवलेल्या उताऱ्यांवरून मला दिसलेलं चित्र असं. मोठी कंपनी महिन्याला आठ लाखांचा माल घेते आणि बासष्टाव्या दिवसाच्या आसपास पैसे देते. पंपवाले पाच लाखांचा घेतात, त्यांना अठ्ठ्याऐंशी दिवस लागतात. ट्रॅक्टरचे पार्ट करणारे तुमचे शेजारी तीन लाखांचा घेतात आणि पस्तिसाव्या दिवशी न चुकता देतात. व्यापारी अडीच लाखांचा घेतो आणि तुकड्यातुकड्यांनी एकशेदहा दिवसांपर्यंत ओढतो. गोकुळ शिरगावचं छोटं युनिट दीड लाखाचं, पन्नास दिवस. वजनी सरासरी काढली तर सत्तर दिवस येते. जीएसटीसह महिन्याचं बिलिंग २३.६ लाख, म्हणजे कुठल्याही दिवशी साधारण ५५ लाख रुपये दुसऱ्यांच्या खात्यात पडून आहेत. तुमची ओडी टोकाला का असते त्याचं उत्तर एवढंच आहे.

आता सूट. सूट म्हणजे पार्टीला बक्षीस नाही. तुम्ही विकत घेतलेले दिवस आहेत, आणि त्या दिवसांचा भाव तुमच्या ओडीच्या दराशी ताडून बघायचा. तुमचा दर अकरा टक्के आहे. तो धरून दोन टोकं बघू.

शेजाऱ्यांना दोन टक्के दिले तर तीन लाखांवर सहा हजार रुपये गेले. ते पस्तिसाऐवजी दहाव्या दिवशी देतील, म्हणजे जीएसटी धरून ३.५४ लाख रुपये पंचवीस दिवस आधी येतील. एवढ्या रकमेवर पंचवीस दिवसांचं ओडीचं व्याज होतं साधारण २,६७०. म्हणजे २,६७० वाचवायला सहा हजार मोजले, तेही दर महिन्याला, तेही तुमच्या सगळ्यात सरळ पार्टीसाठी. त्यांना सूट नको. त्यांच्याशी चहा प्या.

पंपवाल्यांकडे हाच दोन टक्क्यांचा आकडा उलटा फिरतो. पाच लाखांवर दहा हजार रुपये सूट. पण ५.९ लाख रुपये अठ्ठ्याऐंशीऐवजी बाराव्या दिवशी आले तर शहात्तर दिवस वाचले, आणि त्याचं ओडीचं व्याज साडेतेरा हजार होतं. इथे दोन टक्के देऊनही महिन्याला साडेतीन हजार तुमच्याकडे राहतात.

यात एक बारीक गोष्ट आहे, बरेच जण ती विसरतात. सूट द्यायची ती मूळ किमतीवर, पण लवकर येते ती जीएसटीसह पूर्ण रक्कम. तो जीएसटी तुम्ही इनपुट क्रेडिट वजा करून पुढच्या महिन्यात सरकारला भरलेला असतो, पार्टीनं दिलेला असो वा नसो. म्हणून "किती टक्क्यांपर्यंत सूट परवडते" हे काढायचं तर ओडीचा दर गुणिले वाचणारे दिवस, भागिले ३६५, आणि आलेल्या उत्तराला १.१८ नं गुणा. पंपवाल्यांसाठी ते २.७ येतं, शेजाऱ्यांसाठी ०.९. ही वरची मर्यादा आहे, ऑफर त्याच्या बरीच खाली ठेवायची.

ओडी संपून तुम्ही खासगीत महिना दोन टक्क्यांनी पैसे उचलत असाल, तर अकराऐवजी चोवीस धरा. जो सगळ्यात महाग पैसा या वसुलीतून फिटणार आहे त्याचा दर हिशेबात घ्यायचा. उताऱ्यात मला तसं काही दिसलं नाही, पण उताऱ्यात सगळंच दिसतं असं नाही.

पुस्तकात "१० दिवसांत २ टक्के, नाहीतर ३० दिवस" याचा वार्षिक दर सदतीस टक्के पडतो म्हणून सूट फार महाग आहे असं दिलेलं असतं. ते गणित बरोबर आहे, पण पार्टी तिसाव्या दिवशी खरंच पैसे देते असं त्यात धरलेलं आहे. आपल्याकडे ती अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी देते.

मोठ्या कंपनीचा मामला निराळा आहे. तिथे तुमचं बिल एका माणसाच्या मर्जीवर अडलेलं नाही. गेट एंट्री, मग माल मिळाल्याची नोंद म्हणजे जीआरएन, मग क्वालिटीचा शिक्का, मग पीओ, जीआरएन आणि बिल या तिघांचा मेळ, आणि मग महिन्याच्या ५ आणि २० तारखेची पेमेंट रन. "दहा दिवसांत" ही अट तिथला फायनान्स मॅनेजर मनात आणूनही पाळू शकत नाही. त्यामुळे ऑफर त्यांच्या भाषेत करा: जीआरएननंतर वीस दिवसांच्या आत जी पेमेंट रन येईल तिच्यात पैसे आले तर एक टक्का. महिन्याला आठ हजारांची सूट. बेचाळीस दिवस वाचले तर ओडीचं व्याज जवळपास बारा हजार वाचतं.

पण आधी त्यांच्या अकाउंट्समध्ये जाऊन गेल्या दहा बिलांचा प्रवास बघा. माझ्या अनुभवात अशा बासष्ट दिवसांतले दहा-पंधरा दिवस बिल नुसतं अडकून पडलेलं असतं: रेट वाढला पण पीओची दुरुस्ती आली नाही, बिलावरचा पार्ट नंबर पीओशी जुळला नाही, टेस्ट सर्टिफिकेट माल उतरल्यावर तीन दिवसांनी मेल झालं. एवढं सुधारलं तर सूट न देताच एक पेमेंट रन अलीकडे येते. ते फुकटचे दिवस आधी घ्या, उरलेले विकत घ्या.

एक धोकाही आहे. सूट मिळते फायनान्सला, आणि रेट ठरवते परचेस. परचेसच्या कानावर एक टक्का गेला की पुढच्या रेट मीटिंगला "तुम्हाला एक टक्का परवडतोच, तो रेटमध्येच कमी करा" असं येणार. म्हणून ऑफरच्या पत्रात ती सहा महिन्यांपुरती आहे आणि फक्त पैसे येण्याच्या तारखेशी बांधलेली आहे असं स्पष्ट लिहा. शिवाय ही कंपनी २५० कोटींच्या वर उलाढालीची असेल तर तिनं ट्रेड्स या बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर नोंदणी करणं बंधनकारक आहे. तिथे कंपनीनं तुमचं बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, पैसे लगेच मिळतात आणि पुढे कंपनीनं बुडवलं तर बँक तुमच्या मागे येत नाही. दर कंपनीच्या पतीवर ठरतो, तुमच्या नाही, त्यामुळे तो ओडीपेक्षा कमी पडण्याची शक्यता चांगली असते. एक टक्क्याची बोलणी सुरू करण्याआधी हे विचारून घ्या.

सूट द्यायची कशी, यातच माझा तो क्लायंट फसला होता. बिलात आधीच वजा करून दाखवू नका, आणि पार्टीला कापूनही घेऊ देऊ नका. बिल पूर्ण रकमेचं, पैसे पूर्ण, आणि ते वेळेत बँकेत पडले की तुमच्याकडून त्या बिलाचा नंबर घातलेली क्रेडिट नोट, जी पुढच्या बिलात वळती होते. यात सूट सोडायची की नाही याचा निर्णय तुमच्या हातात राहतो. पंपवाले सुरुवातीला कुरकुर करतील. पहिल्या दोन क्रेडिट नोटा पैसे आल्याच्या दुसऱ्या दिवशी मेल करा, कुरकुर थांबते.

क्रेडिट नोट जीएसटीसह द्यायची की नुसती? जीएसटीसह दिली तर १०,००० अधिक १,८०० अशी होईल, तुमचा कर १,८०० नं कमी होईल आणि पार्टीला तेवढं इनपुट क्रेडिट परत करावं लागेल. त्यासाठी जीएसटी कायद्याच्या कलम १५(३) नुसार सूट आधीच्या करारात ठरलेली असावी लागते आणि त्या त्या बिलाशी जोडलेली असावी लागते. आधीच्या कराराची ही अट काढून टाकावी अशी शिफारस जीएसटी परिषदेनं सप्टेंबर २०२५ मध्ये केली, तरी कागद आधी करून ठेवण्यात तोटा काहीच नाही. दुसरा रस्ता नुसत्या दहा हजारांच्या कमर्शियल क्रेडिट नोटेचा, कराला हात न लावता. पार्टी पूर्ण इनपुट क्रेडिट ठेवते, तुम्ही पूर्ण कर भरता जो पार्टीकडून घेतलेलाच आहे. दोन्हीकडे तुमच्या हातात शेवटी ४.९ लाखच उरतात. पाच पार्ट्यांसाठी मी दुसरा रस्ता घेईन. पार्टीच्या अकाउंट्सला पोर्टलवर काही स्वीकारावं-नाकारावं लागत नाही, त्यामुळे वाद कमी.

आता उशिराचं व्याज. तुमच्या मित्रानं सुचवलेले महिना दोन टक्के मी छापणार नाही. पार्टी तुटेल म्हणून नाही. ती ओळ कोणी वाचतच नाही. मोठ्या कंपन्यांच्या पीओच्या मागे बारीक अक्षरात असतं की पुरवठादाराच्या बिलावरच्या अटी आम्हाला लागू नाहीत. तुमची एकतर्फी छापलेली ओळ तिथेच गळून पडते. वाद झाला तर करारात दंड म्हणून लिहिलेली रक्कम जशीच्या तशी मिळतेच असं नाही. वाजवी वाटेल तेवढीच भरपाई मिळते, करार कायद्याचं कलम ७४ तेच सांगतं.

आणि तुम्हाला त्या ओळीची फारशी गरजही नाही. तुम्ही उत्पादक आहात, उद्यम नोंदणी मायक्रोमध्ये आहे, म्हणजे २००६ चा एमएसएमईडी कायदा तुमच्या बाजूनं आधीच उभा आहे. कलम १५ म्हणतं की लेखी करार असला तरी मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. पीओवर ९० दिवस लिहिलेले असले तरी. लेखी करारच नसेल तर मुदत पंधरा दिवसांचीच. थोडं थांबून हे परत वाचा: ज्या छोट्या पार्ट्यांशी तुमचा काहीच लेखी करार नाही, त्यांना कायदा पंधरा दिवस देतो आणि तुम्ही स्वतःच्या हातानं बिलावर ४५ छापून देताय. कलम १६ म्हणतं की मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं, आणि करारात काहीही लिहिलेलं असलं तरी लागतं. डिसेंबर २०२५ मध्ये बँक रेट ५.५ टक्के झाला, त्याच्या तिप्पट १६.५. नोंदणी ऑर्डरच्या आधीची असावी. नंतर केलेल्या नोंदणीवर जुनी बिलं ओढायला गेलं की वकिलांचं फावतं. आणि हे संरक्षण मायक्रो आणि स्मॉल उत्पादकांना व सेवा देणाऱ्यांना आहे. नुसत्या खरेदी-विक्रीवाल्याची उद्यम नोंदणी झालेली असली तरी ती बँकेच्या कर्जापुरती, या व्याजासाठी नाही.

पंपवाल्यांचं एक बिल उदाहरणादाखल घेऊ. ३ जूनला माल उतरला, ५,९०,००० चं बिल. कायद्यात पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल उतरला तोच दिवस स्वीकाराचा धरतात. म्हणून चलनावर गेटचा शिक्का आणि तारीख घेणं हे तुमच्या ड्रायव्हरचं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, आणि नेमकं तेच होत नाही. ३ जूनपासून ४५ दिवस म्हणजे १८ जुलै. पैसे आले ३० ऑगस्टला. पहिल्या महिन्याचं, १८ ऑगस्टपर्यंतचं व्याज ५,९०,००० वर १.३७५ टक्के, म्हणजे ८,११२. पुढचे बारा दिवस ५,९८,११२ वर, ३,२४४. एकूण ११,३५० च्या आसपास. याच बिलावर लवकर पैशासाठी तुम्ही दहा हजारांची सूट देणार आहात. पंपवाल्यांसमोर दोन्ही आकडे एका कागदावर ठेवता येतात: बाराव्या दिवशी दिलेत तर दहा हजार मिळतील, अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी दिलेत तर अकरा हजार लागतील. बोलणी करायला एवढं पुरेसं आहे.

हे व्याज वसूल होतं का? चालू पार्टीकडून रोखीत क्वचितच. मी ते वसूल करण्यासाठी लावत नाही, सोडून देण्यासाठी लावतो. "मागचे अकरा हजार सोडतो, पण ही दोन बिलं शुक्रवारी पाहिजेत" हे म्हणायला अकरा हजार कागदावर असावे लागतात. म्हणून दर महिन्याच्या खातेउताऱ्याखाली व्याजाचं वेगळं हिशेबपत्रक जोडायचं, बिल नंबर, माल उतरल्याची तारीख, देय तारीख, उशिराचे दिवस, रक्कम. डेबिट नोट मात्र पार्टीनं मान्य केल्याशिवाय फाडू नका. डेबिट नोट पुस्तकात आली की ते तुमचं उत्पन्न दिसतं, प्राप्तिकर लागतो, आणि पैसे आलेलेच नसतात. जीएसटीही आहेच. उशिराचं व्याज हे मालाच्या किमतीचाच भाग समजतात, म्हणून मालाचाच दर लागतो. त्यातल्या त्यात बरं म्हणजे तो कर व्याज प्रत्यक्ष हातात आल्यावर भरायचा असतो, मागितल्यावर नाही.

खरा जोर व्याजापेक्षा पार्टीच्या स्वतःच्या करात आहे. २०२३ च्या वित्त कायद्यानं आणलेलं आणि २०२३-२४ या वर्षापासून लागू झालेलं ४३बी(एच) तुम्ही ऐकलं असेल. कलम १५ ची मुदत उलटून ३१ मार्चला तुमचं बिल थकलेलं असेल, तर पार्टीला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळतो. रिटर्न भरेपर्यंत पैसे दिले तरी चालतं, ही सवलत इथे नाही. पंपवाल्यांचे पाच लाख असे अडकले तर सुमारे पंचवीस टक्के कर देणाऱ्या कंपनीला सव्वा लाख रुपये कर एक वर्ष आधी भरावा लागतो. म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पत्र टाका, उद्यम प्रमाणपत्राची प्रत जोडून, आणि ते परचेसला नाही तर अकाउंट्स हेडला आणि जमलं तर त्यांच्या ऑडिटरला पोचेल असं बघा. दुसरी गोष्ट १८० दिवसांची. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर पार्टीला इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. व्यापाऱ्याच्या जुन्या बिलांना ही ओळ कामाला येईल.

याची उलट बाजूही सांगतो. मार्च जवळ आला की "तुमची उद्यम नोंदणी रद्द करा, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे देतो" म्हणणाऱ्या पार्ट्या मी पाहिल्या आहेत. तसं कोणी म्हटलं तर त्या पार्टीवर तुमचं किती टक्के काम आहे ते बघून उत्तर द्या. तुमच्याकडे मोठी कंपनी चाळीस टक्के आहे. तिला व्याजाचं पत्रक पाठवू नका, बासष्ट दिवस बिल सुधारून आणि एक टक्क्यानं कमी करा. पंपवाले पंचवीस टक्के आहेत आणि त्यांच्या कास्टिंगच्या फिक्स्चर तुमच्याकडे आहेत. दुसऱ्या शॉपमध्ये पार्ट बसवायला त्यांना दोन महिने लागतील. तिथे पत्रक पाठवायला हरकत नाही.

बिलावर छापायचं असेल तर एवढंच छापा, आणि हीच वाक्यं प्रत्येक पार्टीच्या पीओत किंवा किमान उत्तर आलेल्या मेलमध्ये आणा:

"उद्यम नोंदणी क्र. ____ (मायक्रो, उत्पादन). देय तारीख: ____. मुदत माल उतरल्याच्या तारखेपासून मोजली जाईल. मुदतीनंतर एमएसएमईडी कायदा २००६, कलम १६ प्रमाणे व्याज लागू. मालाबाबत हरकत पंधरा दिवसांत लेखी कळवावी."

देय तारीख म्हणून "४५ दिवस" लिहू नका, प्रत्यक्ष तारीख लिहा. पंचेचाळीस दिवस जो तो आपापल्या सोयीनं मोजतो: कोणी जीआरएनपासून, कोणी महिनाअखेरीपासून. सूट देतोय हा उल्लेख बिलावर नको. ती पंपवाल्यांना आणि मोठ्या कंपनीला वेगळ्या पत्रानं, बाकीच्यांना कळायचं कारण नाही. शिरोलीत गोष्टी पसरतात, तेव्हा शेजाऱ्यांनी विचारलंच तर खरं सांगा: "तुम्ही पस्तिसाव्या दिवशी देता, तुमच्या रेटमध्ये ते आधीच धरलंय."

राहिला व्यापारी. त्याला ना सूट लागू पडेल ना व्याज, कारण त्याच्याकडे पैसेच नसतात. तुमच्या मालावर तो पुढच्याची उधारी चालवतोय. एकशेदहा दिवसांच्या हिशेबानं आज त्याच्याकडे जवळपास पावणेअकरा लाख अडकलेत. त्याला सहा लाखांची मर्यादा सांगा, आणि तोवर नवा माल अर्धे पैसे आगाऊ आल्यावरच उतरेल असं सांगा. तो चिडेल, दोन आठवडे ऑर्डर देणार नाही. त्या दोन आठवड्यांत त्याची सगळी बिलं आणि गेटचा शिक्का असलेली चलनं एका फायलीत लावा. एमएसएमई थकबाकीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार गेली की प्रकरण फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जातं, आणि कौन्सिलच्या निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर त्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. पण तो रस्ता धंदा संपवूनच घ्यायचा असतो, म्हणून आधी फाइल तयार आहे एवढं त्याला कळू द्या. उधारीच्या दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची, त्यामुळे दरवर्षी ३१ मार्चला त्याच्याकडून शिल्लक मान्य असल्याची सही घेऊन ठेवा.

सुरुवात पंपवाल्यांपासून करा. पुढचं बिल जाईल त्या दिवशी दोन्ही आकड्यांचं पत्र घेऊन स्वतः जा. बिल जाण्याआधी सूट लेखी ठरलेली असणं गरजेचं आहे, नंतर नाही. तीन महिन्यांनी अठ्ठ्याऐंशीचा आकडा तीसच्या खाली आला नसेल, तर सूट बंद करा आणि पत्रक चालू ठेवा.